खाल्लेलं अंगाला का लागत नाही? दाण्याचं कूट, बारा आठवडे आणि एक वजनकाटा

"ताई, मी चार चार पोळ्या खातो, तरी अंगाला लागत नाही." आमच्या विभागात प्रोजेक्टसाठी आलेल्या एका ज्युनिअरचं हे वाक्य. वय 21, उंची 168 सेंटिमीटर, वजन 49 किलो, म्हणजे बीएमआय 17.4. प्रौढांसाठीची खालची रेषा 18.5 धरतात. त्याच्या हिशेबाने तिथे पोचायला 52.2 किलो लागत होते, म्हणजे जेमतेम सव्वातीन किलो जास्त. एवढ्यासाठी त्याने मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून भूक वाढवणाऱ्या गोळ्या आणल्या होत्या. पाकिटावर नाव होतं सायप्रोहेप्टाडीन. हे मुळात अ‍ॅलर्जीवरचं औषध आहे, भूक वाढणं हा त्याचा एक परिणाम. गुंगी येते ती वेगळीच. हा मुलगा आठवडाभर सेमिनारमध्ये पेंगत होता, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि त्याला आधी एकच प्रश्न विचारला: वजन कमी झालंय की पहिल्यापासून एवढंच आहे? हा फरक फार महत्त्वाचा. गेल्या काही महिन्यांत आपोआप वजन उतरलं असेल, सोबत बारीक ताप, खोकला, सारखी तहान, वारंवार जुलाब, छातीत धडधड यांपैकी काही असेल, किंवा जाड होण्याच्या भीतीने जेवण टाळलं जात असेल, तर पुढचं काहीही वाचू नका, आधी डॉक्टरकडे जा. क्षय, मधुमेह, थायरॉइड, आतड्यांचे आजार हे सगळे 'अंगाला न लागण्याच्या' वेषात येतात. ह्याचं तसं नव्हतं. बारावीपासून वजन 48 ते 50च्या मध्ये, वडीलही तसेच काटकुळे, तपासण्या नॉर्मल. म्हणजे हा खरोखरच जात्याच बारीक.

बारीक माणूस बारीक का राहतो

ह्यावर दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत, कारण वरवर पाहता ते एकमेकांच्या विरुद्ध बोलतात.

पहिला जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांचा, 1999 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला. लठ्ठ नसलेल्या 16 जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा 1000 कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना जादा खाणं सारखंच. पण अंगावर चढलेली चरबी कुणाची 0.36 किलो, तर कुणाची 4.23 किलो. फरक कुठून आला? व्यायामातून नाही. उठबस, चालणं, चुळबुळ, ताठ बसणं अशा बारीकसारीक हालचालींवरचा खर्च काहींमध्ये आपोआप वाढला, एकाचा तर दिवसाला जवळपास 700 कॅलरींनी. ज्यांचा हा खर्च वाढला त्यांच्या अंगावर चरबी कमी चढली.

हे वाचून वाटतं की बारीक लोक भरपूर खातात आणि दिवसभर हलून ते जाळून टाकतात. आता दुसरा अभ्यास. 2022 मध्ये 'सेल मेटाबॉलिझम'मध्ये जॉन स्पीकमन यांच्या गटाने चीनमधल्या 150 निरोगी पण कमी वजनाच्या प्रौढांची तुलना सामान्य वजनाच्या 173 जणांशी केली. मुद्दाम व्यायाम करणारे, आजारी, खाण्याचे विकार असलेले असे लोक आधीच बाजूला काढले होते. निघालं काय, तर बारीक लोक 12 टक्के कमी खात होते आणि 23 टक्के कमी हालचाल करत होते! फक्त विश्रांतीच्या अवस्थेतला त्यांचा खर्च, शरीराच्या आकारावरून जेवढा अपेक्षित असतो त्यापेक्षा, जास्त होता.

मग खरं कोण? दोघेही. प्रश्न वेगवेगळे आहेत. लेव्हिन विचारतात, जबरदस्तीने जास्त खायला घातलं तर काय होतं. स्पीकमन विचारतात, आपल्या आपण राहणारा बारीक माणूस एरवी काय करतो. संशोधन वाचताना निष्कर्षाआधी प्रश्न तपासायची सवय लावून घ्या, निम्मे वाद तिथेच मिटतात. आपल्या मुलापुरता अर्थ असा: एरवी तो बहुधा समजतो त्यापेक्षा कमी खातोय, आणि खाणं वाढवलं की त्यातलं काही त्याचं शरीर परस्पर खर्च करून टाकणार आहे.

आधी मोजमाप

दोन आठवडे काहीही न बदलता नोंद ठेवायची असं ठरलं. लॅबमधला नव्हे, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घेतला. मेसची एक पोळी, एक वाटी भात, एक वाटी उसळ एकदाच तोलून ठेवली, पुढे नुसते आकडे मांडायचे. उष्मांकांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017ची भारतीय अन्नघटक कोष्टकं वापरली. इथे नवी मुलं दोन ठिकाणी हमखास आपटतात. एक, त्या कोष्टकात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. 4.184ने भागल्याशिवाय आपल्या ओळखीची कॅलरी मिळत नाही. दोन, धान्याचे आकडे कच्च्या वजनाचे आहेत. 100 ग्रॅम तांदळात साधारण 350 कॅलरी, पण पाणी पिऊन फुगलेल्या 100 ग्रॅम भातात 130च्या आसपास. भात तोलून तांदळाचा आकडा लावला की माणूस कागदावर पहिलवान होतो.

गरजेचा अंदाज मिफ्लिन–सेंट जिऑर सूत्राने काढला:

```
10 × 49 + 6.25 × 168 − 5 × 21 + 5 = 1440
1440 × 1.5 = 2160
```

1.5 हा गुणक बैठं काम आणि थोडं चालणं ह्यासाठी. हा अंदाज एखाद्या माणसाच्या बाबतीत सहज शंभर-दोनशेने चुकतो, म्हणून त्याला चिकटून बसायचं नाही. वजन स्थिर आहे तोवर खाणं आणि खर्च सारखाच आहे, हे जास्त भरवशाचं.

नोंदी आल्या तेव्हा सोमवार ते शुक्रवार सरासरी 2250 कॅलरी. पठ्ठ्या खरंच बरं खात होता. पण शनिवार-रविवार? उशिरा उठणं, नाश्ता बुडवणं, रविवारी रात्री मेस बंद म्हणून चहा-खारीवर भागवणं. सरासरी 1650. सात दिवसांची मिळून सरासरी 2080 झाली. "चार पोळ्या" आठवणीत राहतात, रविवारची चहा-खारी राहत नाही.

पहिला प्रयत्न फसला

उष्मांक जास्त पण आकारमान कमी असे पदार्थ आपल्या घरात काही कमी नाहीत. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं यांच्या 100 ग्रॅममध्ये साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे कॅलरी, तुपात 900. उलट टरबूज, काकडी, पातळ आमटी पोट भरतात आणि ऊर्जा जेमतेम देतात. त्यामुळे त्याने सोपा मार्ग निवडला: रोज पाच वाजता 60 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. कोष्टकाप्रमाणे सुमारे 340 कॅलरी. तीन आठवड्यांच्या साप्ताहिक सरासऱ्या आल्या 49.2, 49.1, 49.1. काहीच नाही.

नोंदवही उघडली तर उत्तर तिथेच होतं. रात्री चारच्या दोन पोळ्या झाल्या होत्या आणि भात अर्धा. पोळीचे 110 धरले तर 220 तिथेच गेले, वर भाताचे साठ-सत्तर. शेंगदाण्यात प्रथिनं, चोथा आणि स्निग्धांश तिन्ही भरपूर, शिवाय चावायला वेळ लागतो. वजन कमी करणाऱ्याला हे वरदान असतं, ह्याच्या मात्र मुळावर आलं.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. 1980 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. निरोगी लोकांना आळीपाळीने अख्खे शेंगदाणे, पीनट बटर आणि शेंगदाणा तेल देऊन शौचावाटे किती स्निग्धांश बाहेर पडतो ते मोजलं. अख्ख्या दाण्यांवर आहारातला 17-18 टक्के स्निग्धांश वाया गेला, पीनट बटरवर सुमारे 7, तेलावर त्याहूनही कमी. दाण्याच्या पेशींच्या भिंती आपल्याला पचत नाहीत. दातांनी जेवढ्या फुटतील तेवढंच तेल बाहेर येतं, उरलेलं बंद डब्यातच पुढे जातं. म्हणजे कोष्टकातला आकडा दाण्यात किती ऊर्जा आहे ते सांगतो, आपल्याला किती मिळेल ते नाही. आपल्या आज्यांनी प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट घातलं ते काही हे वाचून नव्हे, पण मिक्सरचं पातं दातांपेक्षा जास्त पेशी फोडतं हे खरं.

कूट, दूध आणि वेळ

आता एकाच गोष्टीकडे लक्ष दिलं: जादा खाणं असं द्यायचं की पुढच्या जेवणाची भूक मरणार नाही. इथे 2000 सालचा डिमेलिओ आणि मॅट्स यांचा प्रयोग कामी आला. 15 जणांना चार आठवडे रोज 450 कॅलरी एकदा चावायच्या गोळ्यांतून आणि एकदा गोड पेयातून दिल्या. घन पदार्थ घेतला तेव्हा लोकांनी उरलेलं जेवण तेवढंच कमी केलं. पेय घेतलं तेव्हा जेवण कमी झालंच नाही, वजन वाढलं. लोक फक्त 15 होते आणि ते साखरेचं पेय होतं, दूध नव्हे. दुधातल्या प्रथिनांनी पोट थोडं जास्त भरणार, हे गृहीत धरलं. म्हणून पेयाची वेळ ठेवली रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने, झोपायच्या आधी. पुढचं जेवण थेट सकाळी.

कृती अशी: पिशवीतलं सहा टक्के स्निग्धांशाचं दूध 250 मिली, एक केळं, 25 ग्रॅम अगदी बारीक कूट आणि बिया काढलेले तीन खजूर. मिक्सरमधून फिरवायचं. दुधाचे साधारण 220, केळ्याचे 100, कुटाचे 140, खजुराचे 65, असे 525. साखर नाही, 'मास गेनर'चा डबा नाही. त्या डब्यांतल्या बऱ्याच पावडरींत मुख्य घटक माल्टोडेक्स्ट्रिन असतो, म्हणजे पिष्टापासून केलेली झटपट पचणारी कर्बोदकं. लेबल वाचून पाहा.

कुटाबद्दल दोन सूचना. दाणे दळले की तेल हवेला उघडं पडतं आणि कूट लवकर खवट होतं, त्यामुळे आठवड्यापुरतंच करून फ्रीजमध्ये ठेवा. आणि काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे भाजण्याआधीच वेचून फेका. दाण्यांवरच्या बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पुरतं नाहीसं होत नाही. ज्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हा लेख इथेच सोडून तीळ-खोबऱ्याकडे वळावं, तेही आधी विचारून. दुधाने पोट फुगत असेल तर दही चालून जातं.

शनिवार-रविवारचा खड्डा वेगळा भरावा लागला. रविवारी रात्रीसाठी खोलीत अंडी, ब्रेड आणि तूप. एवढंच.

वाढलेलं वजन कशाचं?

इथे मी थोडी थांबते, कारण आपल्याकडे हा प्रश्न फारसा विचारलाच जात नाही. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्याकडची बारीक शरीरं अनेकदा आतून तेवढी बारीक नसतात, स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटाभोवती, तुलनेने जास्त. अशा मुलाला वडापाव आणि कोल्ड्रिंक देऊनही काट्यावर 52 दिसतील. पण ते पोटावर चढलेले तीन किलो असले तर त्याला पुढच्या मधुमेहाच्या दिशेने ढकलल्यासारखंच झालं.

जॉर्ज ब्रे यांच्या गटाचा 2012चा प्रयोग ह्याला जोडून पाहा. 25 जणांना आठ आठवडे रोज साधारण 950 कॅलरी जादा दिल्या. एका गटाच्या आहारात प्रथिनं ऊर्जेच्या फक्त 5 टक्के, बाकी दोन गटांत 15 आणि 25 टक्के. चरबी तिघांचीही जवळपास सारखीच वाढली. पण 5 टक्केवाल्यांचं चरबीविरहित वजन 0.7 किलोने चक्क घटलं, इतर दोघांचं तीनएक किलोने वाढलं. फक्त काटा पाहिला असता तर 'कमी प्रथिनं घेतली की वजन कमी वाढतं' एवढंच दिसलं असतं.

आमच्या हिशेबात दूध आणि कूट मिळून 14 ग्रॅम प्रथिनं वाढली, मेसची उसळ एक वाटीऐवजी दीड केली. दिवसाची बेरीज 75 ग्रॅमवर आली, म्हणजे किलोमागे दीड ग्रॅम. आणि आठवड्यातून तीनदा अर्धा तास जोर, बैठका, पुस्तकांनी भरलेली सॅक पाठीवर घेऊन बैठका. स्नायूंना काम दिल्याशिवाय जादा ऊर्जेचं स्नायू होत नाही. कंबरेचा घेर दर पंधरा दिवसांनी टेपने, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून.

बारा आठवडे

वजन रोज सकाळी, शौचानंतर, काहीही खाण्यापिण्याआधी. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. मीठ, पाणी, आतड्यातला मजकूर ह्यांनी किलोभर इकडेतिकडे होतं. फक्त सात दिवसांची सरासरी पाहायची.

पहिल्याच आठवड्यात सरासरी 49.7! त्याने मला रात्री अकराला मेसेज केला. मी म्हटलं, हे धरू नकोस. जास्त खाणं आतड्यात जास्त राहतं, आणि स्नायूंतला साखरेचा साठा सोबत पाणी धरून ठेवतो. पुढच्या आठवड्यात 49.8, मग 50.0, 50.1. सहाव्या-सातव्या आठवड्यात 50.6 वर अडकलं. नियम ठरवला होता की दोन आठवडे सरासरी हलली नाही तरच बदल करायचा, एरवी नाही. नोंद पाहिली तर परीक्षेमुळे पेय पाचदा चुकलं होतं. म्हणजे पदार्थ वाढवायची गरजच नव्हती. बाराव्या आठवड्याची सरासरी 51.7, कंबर 68वरून 69 सेंटिमीटर, जोर 6वरून 17.

आता गंमत मांडते. पहिल्या आठवड्यातली उसळी सोडली तर 11 आठवड्यांत वाढले 2 किलो. ते सगळं चरबीच होतं असं धरलं, म्हणजे किलोमागे 7700 कॅलरी, तरी 15400 भागिले 77 दिवस, रोजचे 200. त्यात थोडा जरी स्नायू असला तरी आकडा ह्याहून खाली. आम्ही तर रोज 525 घालत होतो! उरलेल्या सव्वातीनशेचं काय झालं? रात्रीची पोळी चारवरून तीन झाली होती, 110. पचवण्याचाच खर्च साधारण दहा टक्के, पन्नासेक. वाढलेलं शरीर सांभाळायला शेवटी शेवटी चाळीस. व्यायाम, चुकलेले दिवस. आणि एवढं करून जे हिशेबात बसत नाही ते लेव्हिन यांच्या खात्यावर टाकलं: ह्या मुलाचा पाय खुर्चीवर बसल्यावर सतत हलत असतो, आणि ते मोजायची सोय आमच्याकडे नाही.

एकाच माणसाची ही नोंद आहे, तुलनेला दुसरा कुणी नाही. शेंगदाण्यांऐवजी पेय, वेगळी वेळ, रविवारची अंडी आणि व्यायाम, चार गोष्टी आम्ही एकदम बदलल्या, त्यामुळे यश नेमकं कशाचं हे ह्यातून सांगता येत नाही. संशोधनपद्धतीच्या तोंडी परीक्षेत हा आराखडा मांडला तर पहिल्याच मिनिटाला पकडले जाल. पण त्याला पेपर लिहायचा नव्हता.

18.5च्या रेषेला अजून अर्धा किलो बाकी आहे. परवा आला आणि म्हणाला, "ताई, घरी गेलो की आई पेयात तूपही घालते, त्याचे किती धरू?" म्हटलं, चमचा तोलून आण.